रात्री एक ते तीन: रिमोट कुणाच्या हातात?

"आमचं बाळ साडेचार महिन्यांचं आहे. डोंबिवलीत पाचव्या मजल्यावर राहतो. बेडरूम दहा बाय अकराची, एक भिंत पश्चिमेची, दीड टनाचा एसी. मी २४ वर लावते, कारण तेवढंच योग्य असं सगळीकडे लिहिलेलं असतं. सासूबाईंना ते गार वाटतं. त्या बाळाला टोपडं, मोजे घालून दोन दुपट्यांत गुंडाळतात आणि रात्री एकच्या सुमाराला एसी बंद करतात. तीनला बाळ रडत उठतं. मग लवकर गार व्हावं म्हणून मी एसी २० वर लावते. सकाळी त्याचं नाक चोंदलेलं असतं, गाल खरखरीत. खोलीत पाण्याचं भांडं ठेवते, तरी फरक नाही. घसा सुकत असेल, चमचाभर पाणी पाजत जा, असं सासूबाई म्हणतात. नेमका नंबर किती ठेवायचा? की एवढ्या लहान बाळाला एसी नकोच?"
— एक आई, डोंबिवली

एसी राहू द्या. मे महिन्यात डोंबिवलीच्या पाचव्या मजल्यावर, पश्चिमेच्या भिंतीशी, बंद खोलीत बाळाला घामाने भिजवण्यात काही शहाणपण नाही. इतक्या लहान बाळाला गारव्याइतकाच, किंबहुना त्याहून जास्त, उकाडा बाधतो. घामोळं तर येतंच, पण झोपेत बाळ फार तापणं हे अचानक होणाऱ्या बालमृत्यूंच्या धोक्यांमध्येही धरलं जातं. नंबर हवा असेल तर २६ घ्या. पण तुमच्या घरातली गडबड नंबरामुळे होत नाहीये. ती रात्री एक ते तीन या दोन तासांत होतेय.

नवजात बाळांच्या वॉर्डात माझी परिचारिका म्हणून बरीच वर्षं गेली, त्यामुळे मला आधी ते दोन तास दिसले. पश्चिमेची भिंत दुपारभर ऊन पिऊन बसलेली असते. एसी चालू असेपर्यंत ते जाणवत नाही. एकला एसी बंद झाला की भिंत साठवलेली ऊब खोलीत सोडू लागते. खिडक्या बंद, आत माणसं झोपलेली, त्यांच्या अंगाची ऊब आणि श्वासाचा ओलावा वेगळाच. दोन-अडीचपर्यंत खोली सहज २९-३० वर जाते. बाळ मात्र २४च्या हवेसाठी गुंडाळलेलं: टोपडं, मोजे, दोन दुपटी. मानेमागे घाम येतो, झबलं ओलं होतं, ते रडत उठतं. आणि नेमकं त्याच वेळी, ओल्या झबल्यावर, तुम्ही २०चा झोत सोडता. गारठतं ते तेव्हा. एकला एसी बंद करणाऱ्या सासूबाई आणि तीनला २० लावणाऱ्या तुम्ही, दोघीही काळजीनेच करताय. दोघींची काळजी बाळाला एकाच रात्री उकडवते आणि कुडकुडवतेही.

२० लावल्याने खोली लवकर गार होते हा समज फार पक्का आहे. साध्या एसीत त्याला काही आधार नाही. कॉम्प्रेसर चालू असताना तो एकाच जोराने चालतो. २० लावलं काय आणि २६ लावलं काय, गार हवा तेवढीच मिळते. फरक इतकाच, की २०ला तो थांबायचं विसरतो. इन्व्हर्टर एसी कमी नंबराला जास्त जोर लावतो खरा, पण मग आपला डोळा लागतो आणि खोली २६ ओलांडून खाली घसरत राहते.

आता हे २४ कुठून आलं ते सांगते. १ जानेवारी २०२० पासून आपल्याकडे स्टार लेबलचे एसी चालू केल्यावर आपोआप २४ वर लागतात. तो नियम ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीच्या सांगण्यावरून आला आणि त्यामागे हेतू विजेच्या बचतीचा आहे. पूर्वी लोक १८-२० वर एसी लावून वर गोधडी घेत, ते कमी व्हावं म्हणून. तान्ह्या बाळाचा विचार करून काढलेला तो आकडा नाही. मोबाइलवर तुम्हाला १६ ते २० असाही आकडा दिसेल. तो ब्रिटनमधला आहे, थंड देशातल्या खोल्यांचा, आणि तिथे बाळ झोपण्याच्या पिशवीत असतं. आपलं बाळ झबल्यात असतं. सुती कपड्यातल्या, पूर्ण दिवसांच्या, निरोगी बाळासाठी मी २५ ते २७च्या मध्ये राहायला सांगते आणि सुरुवात २६ने करायला.

पण २६ कुठलं? रिमोटवर दिसतं ते, की गादीवर असतं ते? एसीचा तापमान मोजणारा ठिपका इनडोअर युनिटच्या आत, जाळीमागे असतो, म्हणजे जमिनीपासून सात-आठ फुटांवर. बाळ झोपतं दीड-दोन फुटांवर. माझ्या लेकीकडे, नातू तीन महिन्यांचा असताना, रिमोटवर २४ होतं आणि बाळाच्या उशाशी ठेवलेला मीटर साडेबावीस दाखवत होता. उशी झोताच्या वाटेत होती म्हणून. आधी जावईबापूंनी मीटरलाच खोटं ठरवलं. दुसरा मीटर आणला, तोही तेच म्हणाला. तापमान आणि आर्द्रता दाखवणारा असा छोटा डिजिटल मीटर मिळतो, महागही नसतो. तो बाळाच्या डोक्याजवळ, गादीच्या उंचीला ठेवायचा, भिंतीवर लावून उपयोग नाही. काही एसींच्या रिमोटमध्येच तापमान मोजायची सोय असते, 'आय फील' किंवा 'फॉलो मी' अशा नावाने. ते बटण दाबून रिमोट बाळाच्या बाजूच्या टेबलावर, एसीच्या समोर ठेवला की एसी तिथलं तापमान पकडतो. रिमोट पांघरुणाखाली गेला तर मात्र तो भलतंच काही पकडेल.

यापुढचा मुद्दा मला नंबरापेक्षा मोठा वाटतो, तो म्हणजे झोत. एसीच्या तोंडातून निघणारी हवा खोलीतल्या हवेपेक्षा साधारण दहा-बारा अंशांनी गार असते. म्हणजे खोली २६ला असली तरी तोंडाशी १५च्या आसपासचा वारा. तो खोलीत मिसळला तर काही बिघडत नाही. न मिसळता थेट बाळाच्या डोक्यावर आला तर नंबर काही का असेना, बाळ गारठतं आणि त्याचं नाक सुकतं. "मला गार वाटतंय" असं सासूबाई म्हणतात, तेव्हा त्या कदाचित नंबराबद्दल बोलतच नसतील. त्या झोताबद्दल बोलत असतील. मग त्यांचं म्हणणं बरोबर आहे.

झोत कुठे पडतो ते शोधायला रिळाचा दोरा पुरतो. वीतभर दोरा घ्या, टोकाला टिश्यू पेपरचा बोटभर तुकडा बांधा. एसी रोजच्यासारखा लावा आणि पंधरा मिनिटांनी तो दोरा बाळाच्या उशीच्या उंचीला धरा. सिलिंग फॅन तेवढ्यापुरता बंद ठेवा. कागद नुसता लटकला तर ठीक. फडफडला किंवा एका बाजूला कलला, तर बाळ झोतात आहे. गादीवर हातभर इकडे, हातभर तिकडे करत बघा. तुमच्या खोलीत मला एक दाट शंका आहे. खोली फक्त दहा फुटांची आहे आणि एसी पलंगाच्या समोरच्या भिंतीवर असेल, तर वेग वाढवल्यावर हवा छताला चिकटून थेट पलीकडच्या भिंतीपर्यंत जाते, तिथे आपटते आणि भिंतीवरून खाली घसरते. म्हणजे अगदी उशांवर. आपण समजतो, पाती वर केली, आता वारा लागत नाही. तो मागून येत असतो.

उपाय फार खर्चाचे नाहीत. एसीच्या पंख्याचा वेग सगळ्यात कमी, आणि 'ऑटो' नको, कारण रात्री मध्येच तो वेग वाढवतो. आडवी पाती जास्तीत जास्त वर. 'स्विंग' बंद, नाहीतर दर काही सेकंदांनी बाळाला झुळूक लागून जाते. आतल्या उभ्या पात्या हाताने सरकतात, हे पुष्कळांना ठाऊकच नसतं. एसी बंद करून त्या बाळ नाही त्या बाजूला वळवा. एवढं करूनही उशीवरचा कागद हललाच, तर पलंग भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे ओढा, म्हणजे घसरणारी हवा मागच्या फटीत उतरेल. एक मात्र ध्यानात ठेवा, पलंग ओढल्यावर त्या फटीकडच्या बाजूला बाळ झोपवायचं नाही. मच्छरदाणीनेही झोत थोडा मोडतो, आणि डास आहेतच. शेवटी सिलिंग फॅन एकवर लावा. हवा ढवळली जाते आणि वरची ऊब, खालची गार हवा असे थर राहत नाहीत. फॅन लावल्यावर २६ला गार वाटायला लागलं तर एसी २७ करा, फॅन बंद करू नका. आणि बाळ फॅनच्या बरोबर खाली नसू द्या.

'स्लीप' बटणाबद्दलही बऱ्याच आया विचारतात. बहुतेक एसींत ते दाबल्यावर दर तासाला एकेक अंश असं साधारण दोन अंशांनी तापमान वाढतं आणि मग तिथेच राहतं. २४ वर स्लीप लावलं तर मध्यरात्रीनंतर २६, पण २६ वर लावलं तर २८. काही एसी सात-आठ तासांनी बंदही होतात. तुमचा एसी काय करतो ते एका रात्री मीटर बघूनच कळेल. मला विचाराल तर स्लीप लावायचं नाही, रात्रभर एकच नंबर ठेवायचा. टायमरही नको, कारण टायमर म्हणजे सासूबाईंचंच काम यंत्राने करणं झालं.

आता कपडे. २६ला पूर्ण बाह्यांचं सुती झबलं, पातळ सुती पायजमा, बस्स. आपण जेवढे कपडे घालून त्या खोलीत निवांत झोपू, त्याहून फार तर एक थर जास्त. टोपडं झोपताना काढा. बाळाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं आणि जास्तीची ऊब बाहेर टाकायची त्याची मुख्य जागा तीच, ती झाकली की बाळ तापतं. शिवाय टोपडं सरकून नाकावर येतं. साडेचार महिन्यांचं बाळ आता कुशीवर वळायला लागलं असेल किंवा लागेल, तेव्हा घट्ट गुंडाळणंही थांबवा. उपडं झाल्यावर त्याला हात मोकळे लागतात. सैल पांघरूण तोंडावर जाऊ शकतं. वाटलंच तर पातळ सुती, बिनबाह्यांची झोपण्याची पिशवी घाला. आजीच्या जुन्या साडीचं मऊ दुपटं गादीवर, बाळाखाली अंथरायला उत्तम.

सासूबाईंना बाळ गार लागतं ते बहुधा हाताला नाहीतर पायाला हात लावून. त्यांना ही एक गोष्ट दाखवा, त्यांना ती आवडेल, कारण ती हातानेच करायची आहे. आपल्या हाताची पालथी बाजू आधी बाळाच्या पोटाला लावायची, मग तळपायाला. वॉर्डात आम्ही नव्या आयांना पहिल्या दिवशी हेच शिकवायचो. पोट कोमट आणि पायही कोमट, तर बाळ सुखात आहे. पोट कोमट पण पाय गार, तर नवजात बाळाला थंडी वाजू लागली असं समजायचं आणि एक थर वाढवायचा. दोन्ही गार असतील तर ताबडतोब छातीशी घ्यायचं, त्वचेला त्वचा लावून, आणि डॉक्टरांना फोन करायचा. चार-पाच महिन्यांच्या बाळाचे तळवे थोडे थंड असणं तितकं गंभीर नाही, तिथे पोट आणि मान बघायची. मानेमागे ओल लागली, केस चिकटले, गाल लाल दिसले तर उकडतंय. मग एक थर काढायचा, एसी कमी करायचा नाही. रात्री एसीशी खेळण्यापेक्षा कपड्याशी खेळलेलं बरं.

आणि तीनला ते घामाघूम उठलंच, तर क्रम असा: आधी ओलं झबलं काढा, अंग कोरड्या फडक्याने टिपा, कोरडं झबलं घाला, अंगावर पाजायला घ्या. एसी २६लाच चालू करा. वीस मिनिटं लागतील. तेवढी लागू द्या.

कोरडेपणाबद्दल तुमचा अंदाज निम्मा बरोबर आहे. एसी हवेतलं पाणी काढतो हे खरं. बाहेर भिंतीवर ठिबकणाऱ्या त्याच्या नळीखाली एक रात्र बादली ठेवून बघा. मेच्या शेवटी, पावसाच्या तोंडावर, काही लिटर पाणी जमलेलं दिसेल. आणि तुमच्या भांड्यावर पेनाने पातळीची खूण करा. सकाळी ती जेमतेम मिलिमीटरभर उतरलेली असेल, म्हणजे दोन-चार चमचे पाणी उडालं. तेही फिरून त्या नळीतूनच बादलीत गेलं. भांडं काढून टाका. बाळ रांगायला लागलं की ते धोक्याचंच होईल.

पण डोंबिवलीत हवेत पाणी इतकं असतं, की एसीने एवढं काढूनही खोलीत साधारण पन्नास-साठ टक्के आर्द्रता उरते. चाळीस ते साठमध्ये बाळाच्या नाकाला आणि कातडीला त्रास होऊ नये. मीटर हेच दाखवत असेल तर ह्युमिडिफायरवर पैसे घालवू नका. तुमच्याकडे कोरडेपणा खोलीत नाही, चेहऱ्यावरून वाहणाऱ्या झोतात आहे. ओला कपडा फॅनखाली लवकर वाळतो, तसं ते आहे. झोत हलवला की गालांचा खरखरीतपणा आठ-दहा दिवसांत कमी व्हायला हवा. अंघोळीनंतर बाळाला घासून पुसू नका, टिपा, आणि कातडी किंचित ओलसर असतानाच साधं बिनवासाचं मॉइश्चरायझर किंवा खोबरेल लावा. अंघोळीनंतर लगेच एसीच्या खोलीत नेऊ नका, केस पुरते वाळू द्या. धुरी द्यायची पद्धत असेल तर ती मात्र सोडा. बंद एसीच्या खोलीत तो धूर रात्रभर फिरतो. डासांची कॉइलही त्याच कारणाने नको.

चोंदलेल्या नाकाला मिठाच्या पाण्याचे तयार थेंब मिळतात, दूध पाजण्याआधी प्रत्येक नाकपुडीत एक-दोन थेंब. तेल किंवा तूप नाकात कधीही घालू नका. ते श्वासावाटे फुफ्फुसात उतरतं आणि तिथून सहज निघत नाही. आणि चमचाभर पाण्याला नम्रपणे नाही म्हणा. सहा महिन्यांपर्यंत एसी असो, उन्हाळा असो, आईच्या दुधातच पुरेसं पाणी असतं. हवं तर एक जास्तीचं पाजणं द्या. दिवसभरात सहा-सात वेळा शू होत असेल तर ते कोरडं पडलेलं नाही.

नाकाचं दुसरं कारण एसीच्याच पोटात असतं. पुढचं झाकण उचलून दोन जाळ्या काढा. बोट फिरवल्यावर धुळीचा थर निघाला, तर नाक त्याने चोंदतंय. दर पंधरवड्याला साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा. एसी लावल्यावर कुबट वास येत असेल तर कॉइलवर बुरशी आहे, ते माणसाला बोलावून साफ करून घ्यावं लागेल. आणखी एक, स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, तीच ती हवा गार करून फिरवतो. झोपण्याआधी पंधरा मिनिटं जाळीची खिडकी उघडा आणि रात्री बेडरूमचं दार दोन बोटं उघडं ठेवा. मग नऊला एसी लावा, बाळ बाहेरच्या खोलीत असताना. खोली गार झाली की आणा.

विदर्भातल्या आयांनी माझं वरचं कोरडेपणाचं म्हणणं जसंच्या तसं घेऊ नये. नागपुरात मे महिन्यात बाहेरची हवाच इतकी कोरडी असते, की खोलीतला मीटर तिशीच्या खाली जाऊ शकतो. तिथे वाटीभर पाण्याने काही होत नाही, पण दोरीवर पसरलेला ओला पंचा थोडंफार काम करतो. ह्युमिडिफायर वापरत असाल तर टाकी रोज रिकामी करून धुवा आणि पन्नासच्या वर जाऊ देऊ नका. गरम वाफेचा नको, भाजतं.

दिवस भरण्याआधी जन्मलेलं, कमी वजनाचं, किंवा पहिल्या महिन्यातलं बाळ असेल तर हे आकडे बाजूला ठेवून तुमच्या डॉक्टरांना विचारा. त्यांना जास्त ऊब लागते. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट ताप आला, तर तो एसीचा की उकाड्याचा हा वाद घरात न घालता त्याच दिवशी दाखवा. तुमच्या बाळाचं दूध पिणं कमी झालं, श्वास घेताना बरगड्या आत जाऊ लागल्या, किंवा ते नेहमीपेक्षा मलूल वाटलं, तरी तसंच.

तीन रात्री करून बघा: २६, पंखा कमी, पाती वर, टोपडं नाही, रात्रभर बंद नाही. मीटर सासूबाईंना वाचता येईल असा ठेवा आणि एकला, तीनला काय आकडा होता ते कॅलेंडरवर त्यांनाच लिहायला सांगा. मीटर बाळाच्या हाताला मात्र लागू देऊ नका. त्यात बहुधा बटणाएवढा सेल असतो, आणि तो गिळला तर घशात भाजतो.